पहिला प्रश्न नोटीस पिरियडचा

गोंदियाहून सुटणाऱ्या महाराष्ट्र एक्स्प्रेसने पुण्याला आणि विदर्भ एक्स्प्रेसने मुंबईला जाणाऱ्यांत आता एक वर्ग ठळकपणे दिसतो. गोंदियाच्या मनोहरभाई पटेल अभियांत्रिकी महाविद्यालयातून किंवा नागपूरच्या एखाद्या महाविद्यालयातून शिकलेली, मिहानमध्ये किंवा हिंजवडीत चार-पाच वर्षं नोकरी झालेली, आता दुसरी नोकरी शोधणारी ही आमगाव, देवरी, तिरोड्याची मुलं-मुली आहेत. त्यांच्या घरात नेमणूकपत्र नावाचा कागद बहुधा पहिल्यांदाच आलेला असतो. धान, राईस मिल, तेंदूपाने, बिडी यांवर चालणाऱ्या या जिल्ह्यात कामावर ठेवणं आणि काम सोडणं बहुतेक ठिकाणी तोंडी होतं. हंगाम संपला, हिशेब झाला की माणूस मोकळा होतो. कॉर्पोरेट नोकरीत तसं होत नाही, आणि हे या मुलांना पहिली नोकरी धरताना कोणी सांगत नाही. कळतं ते दुसरी नोकरी शोधताना, जेव्हा फोनवर त्यांच्या कामाविषयी काही विचारण्याआधीच प्रश्न येतो : नोटीस पिरियड किती?

या फोनचा क्रम जवळजवळ ठरलेला असतो. सध्याचं सीटीसी किती, अपेक्षा किती, नोटीस पिरियड किती, आणि उत्तर 'नव्वद दिवस' आलं की चौथा प्रश्न, 'बायआउट करणार का?' या चार उत्तरांवर फोन पुढे चालतो किंवा 'कळवतो' म्हणून थांबतो. ज्या कामासाठी माणूस हवा आहे ते काम त्याला येतं का, हे विचारायची वेळ अनेकदा येतच नाही. फोन येण्यापूर्वीची चाळणी तर दिसतही नाही. नोकरी डॉट कॉमवर प्रोफाइल भरताना नोटीस पिरियडचा रकाना असतो : पंधरा दिवस किंवा कमी, एक महिना, दोन महिने, तीन महिने, तीन महिन्यांहून जास्त, आणि वेगळा पर्याय म्हणजे 'सर्व्हिंग नोटीस', राजीनामा दिलेला आहे. रिक्रूटर आपल्या बाजूने शोध घेताना अनुभव, कौशल्य, शहर यांच्याबरोबर याच रकान्यावर खूण करतो. 'एक महिन्यापर्यंत' अशी खूण केली की नव्वद दिवसांचा करार असलेला प्रत्येक माणूस त्या यादीतून गळतो. त्याला नकार कळवला जात नाही, कारण त्याचं नाव कोणी पाहिलेलंच नसतं. कंपन्यांच्या स्वतःच्या अर्जांमध्येही हा प्रश्न अनिवार्य करून ठेवता येतो. चुकीचा पर्याय निवडला की अर्ज आपोआप बाजूला पडतो.

आपण इथे अडकलो आहोत हे उमेदवाराने कसं ओळखावं? बायोडेटा चांगला आहे, अनुभव जुळतो, तरी आठवडेच्या आठवडे फोनच येत नाहीत. आणि राजीनामा देऊन रकान्यात 'सर्व्हिंग नोटीस' लिहिलं की त्याच बायोडेटावर फोन सुरू होतात. मधल्या काळात कौशल्य बदललेलं नसतं, फक्त एक रकाना बदललेला असतो. नागपूर-पुण्याच्या आयटी मुलांत 'आधी पेपर टाक, मग शोध' हा सल्ला याच अनुभवातून रुजला. पेपर टाकणं म्हणजे राजीनामा देणं.

कंपनीची अडचण खोटी नाही, हेही लिहिलं पाहिजे. सेवा देणाऱ्या आयटी कंपनीला ग्राहकाकडून काम मिळतं तेव्हा ते काम सुरू होण्याची तारीख आधीच ठरलेली असते. माणूस त्या तारखेला बसला नाही तर त्या जागेचं बिल निघत नाही. नव्वद दिवस थांबायचं तर त्या काळात उमेदवाराकडे आणखी ऑफर्स येतात, आणि जॉइनिंगच्या आदल्या आठवड्यात तो फोन उचलत नाही. असं दोनदा-तीनदा झालेला मॅनेजर पुढच्या वेळी रिक्रूटरला सांगतो, 'तीस दिवसांच्या वरचे पाठवूच नका.' त्याच्या जागी कोणालाही बसवलं तरी तो हेच सांगेल. माझा आक्षेप या प्रश्नाला नाही, तो पहिल्या जागी बसवण्याला आहे. आणि या चाळणीतून मॅनेजरला जे हवं आहे ते मिळतं का, हा प्रश्न त्याने स्वतःलाही विचारलेला दिसत नाही.

एक उदाहरण पाहू. चार वर्षांचा अनुभव असलेला जावा डेव्हलपर हवा, पुण्यात, तीस दिवसांत. ही खूण केल्यावर यादीत उरतं कोण? ज्यांची नोकरी गेली आहे किंवा ज्यांनी ती सोडली आहे असे लोक, लहान कंपन्यांतले लोक, कारण तिथे नोटीस कमी असते, आणि ज्यांनी राजीनामा देऊन महिना-दोन महिने काढले आहेत असे लोक. गळतात ते बहुतेक मोठ्या कंपन्यांतले, कारण मोठ्या आयटी कंपन्यांत नव्वद दिवस हा सर्वसाधारण करार झाला आहे. गोंदियासारख्या जिल्ह्यातून आलेल्या मुलांना पहिली नोकरी बहुधा याच मोठ्या कंपन्यांच्या कॅम्पस भरतीतून मिळते. म्हणजे प्रशिक्षण सर्वांत पद्धतशीर झालेला गट सर्वांत आधी बाहेर जातो. आणि जो 'सर्व्हिंग नोटीस' म्हणून यादीत राहिला, त्याने राजीनामा दिला कशाच्या बळावर? पुष्कळदा त्याच्या हातात एक ऑफर आधीच असते. उरलेल्या दिवसांत तो त्याहून चांगली शोधत असतो. ऐनवेळी न येणाऱ्या उमेदवाराच्या भीतीने मॅनेजरने खूण केली, आणि ज्याच्याकडे दुसरी ऑफर असण्याचा संभव सर्वांत जास्त, तोच त्याच्या यादीत वर आला. याउलट नव्वद दिवसांच्या कराराचा, अजून राजीनामा न दिलेला माणूस निर्णय एकदाच आणि विचार करून घेणार असतो. तो यादीतच नाही.

याचा दुसरा परिणाम जुन्या कंपनीवर होतो. माणसं पेपर टाकून बाजारात उतरतात हे दिसलं की कंपनी त्यांना धरून ठेवण्यासाठी नोटीस वाढवते. तीसचे साठ होतात, साठचे नव्वद. मग नव्या कंपनीला तीस दिवसांत येणारा मिळणं आणखी अवघड होतं आणि तिची चाळणी आणखी कडक होते. दोन्ही कंपन्या एकमेकींच्या वागण्यातून आपलं वागणं योग्य ठरवतात. दर वेळी अधिक घट्ट अडकतो तो मधला माणूस.

आता बायआउट. नोटीसचे उरलेले दिवस न भरता त्यांचा पगार कंपनीला देऊन सुटायचं, इतका त्याचा अर्थ. फोनवरचा प्रश्न असा येतो की जणू हे उमेदवाराच्या मर्जीवर आहे. तसं बहुधा नसतं. ते नेमणूकपत्रातल्या एका वाक्यावर ठरतं. 'नव्वद दिवसांची नोटीस किंवा त्याऐवजी तेवढ्या दिवसांचा पगार' असं वाक्य असेल तर पैसे भरून सुटण्याचा आधार उमेदवाराला मिळतो. 'कंपनीच्या विवेकाधीन' किंवा 'व्यवस्थापनाच्या पूर्वसंमतीने' हे शब्द पुढे जोडलेले असतील तर पैसे तयार असूनही कंपनी नाही म्हणू शकते. न्यायालय एखाद्याकडून जबरदस्तीने नोकरी करून घेण्याचा आदेश सहसा देत नाही, त्यामुळे माणूस निघून जाऊ शकतो. पण मग रिलिव्हिंग लेटर मिळत नाही. नवी कंपनी पार्श्वभूमी तपासताना तेच मागते, आणि भविष्यनिर्वाह निधीच्या खात्यातली नोकरी सोडल्याची तारीखही पाहते. कायद्यापेक्षा या एका कागदाची पकड जास्त आहे. म्हणून फोनवर 'हो, बायआउट करतो' असं सांगणारा अनेकदा आपल्या हातात नसलेल्या गोष्टीचं वचन देत असतो, आणि 'मॅनेजरला विचारावं लागेल' असं खरं सांगणारा मागे पडतो. चाळणी इथे खरेपणालाच दंड करते.

सेवेच्या अटी मोडण्याची किंमत न्यायालयं मान्य करतात, हेही ध्यानात ठेवलं पाहिजे. मे २०२५मध्ये सर्वोच्च न्यायालयाने विजया बँकेच्या प्रकरणात तीन वर्षांच्या आत नोकरी सोडल्यास दोन लाख रुपये भरण्याची अट वैध ठरवली. ते प्रकरण बाँडचं आणि सार्वजनिक बँकेचं होतं, नोटीस पिरियडचं नव्हतं, त्यामुळे ते जसंच्या तसं इथे लावता येणार नाही. पण सही केलेल्या कागदाला काही अर्थ नसतो, असा जो समज मित्रमंडळीत फिरतो, तो धरून कोणी निघून जाऊ नये.

बायआउटच्या प्रश्नामागे पैशाचा जो प्रश्न आहे तो आकड्यांशिवाय दिसत नाही. समजा, सालेकसा तालुक्यातला एक मुलगा नागपूरच्या कंपनीत आहे. महिन्याचा ग्रॉस पगार साठ हजार, त्यात बेसिक चोवीस हजार, करार नव्वद दिवसांचा. पुण्याची कंपनी ऐंशी हजार देते आहे, पण तीस दिवसांत या म्हणते. म्हणजे साठ दिवस विकत घ्यायचे. जुन्या कंपनीने हिशेब बेसिकवर केला तर अठ्ठेचाळीस हजार होतात, ग्रॉसवर केला तर एक लाख वीस हजार. कोणत्या पगारावर, हेही नेमणूकपत्रातच असतं, आणि तेवढ्या एका शब्दाने बहात्तर हजारांचा फरक पडतो. आपण ग्रॉस धरू. पुण्याची कंपनी बायआउट भरून देते, पण तीसच दिवसांचं, म्हणजे साठ हजार, आणि तेही रिलिव्हिंग लेटर व अंतिम हिशेबाचा कागद दाखवल्यावर, दुसऱ्या महिन्याच्या पगारात. वर्षाच्या आत सोडून गेलास तर ते परत करायचे.

त्या साठ दिवसांचा जमाखर्च मांडला तर हा व्यवहार फार वाईट नाही. जुन्या नोकरीत राहिला असता तर दोन महिन्यांचे एक लाख वीस हजार मिळाले असते. नव्या नोकरीत एक लाख साठ हजार मिळतील. त्यातून बायआउटचे एक लाख वीस हजार वजा केले आणि परत मिळणारे साठ हजार मिळवले, तर हाती एक लाख उरतात. वीस हजारांची तूट, आणि वाढीव पगारातून ती पुढच्या एका महिन्यात भरून निघते. हे कर बाजूला ठेवून. परतफेड सहसा पगारातच धरतात, त्यामुळे ज्यांना आयकर लागतो त्यांच्या हाती ती पूर्ण येत नाही. रिक्रूटर 'बायआउट करून टाका, फायदाच आहे' म्हणतो तेव्हा तो या हिशेबावर बोलत असतो आणि त्याचं म्हणणं चूक नाही.

पण हिशेब जिथे मोडतो ती जागा वेगळी आहे. शेवटच्या महिन्याचा साठ हजार पगार जुनी कंपनी अंतिम हिशेबापर्यंत रोखून धरते. शिल्लक रजेचे बारा दिवस बेसिकच्या दराने धरले तर नऊ हजार सहाशे होतात. एक लाख वीस हजारांतून हे दोन्ही वजा केले तर पन्नास हजार चारशे रुपये उरतात, आणि ते खिशातून भरल्याशिवाय रिलिव्हिंग लेटर निघत नाही. त्याच आठवड्यात पुण्यात खोली घ्यायची आहे. वाट्याचं भाडं बारा हजार आणि दोन महिन्यांचं डिपॉझिट धरलं तर छत्तीस हजार लागतात. शहाऐंशी हजार चारशे रुपये, आणि तेही अशा वेळी, की गेल्या महिन्याचा पगार हाती आलेला नाही आणि नवा पगार महिनाभर लांब आहे. या महिन्यात घरी पाठवायचे पैसे आणि शैक्षणिक कर्जाचा हप्ता थांबत नाही. पुण्यात घर असलेल्या, वडील पगारदार असलेल्या मुलाला हे शहाऐंशी हजार महिन्याभरासाठी घरातून मिळतात. सालेकशाच्या मुलाला ते व्याजाने काढावे लागतात किंवा ऑफर सोडावी लागते. दोघांचं जावा सारखंच आहे. म्हणून 'बायआउट करणार का' या प्रश्नातून कळतं ते घरात रोकड किती आहे, आणि ते शॉर्टलिस्टच्या पहिल्या पायरीवर विचारलं जातं. भरतीच्या कोणत्याही अर्जात 'तुमच्या घरी शिल्लक किती' असा रकाना कोणी ठेवणार नाही. हा रकाना मात्र राजरोस आहे. मला हे अन्यायाचं वाटतं. विचारणाऱ्याचा तसा हेतू नसतो हे मान्य करूनही.

पेपर आधी टाकण्याचंही तसंच आहे. ऑफर हातात नसताना राजीनामा देणं ज्याला परवडतं तो चाळणीतून दिसतो. ज्याच्या पगारावर देवरीतलं किंवा अर्जुनी मोरगावमधलं घर चालतं त्याने तो जुगार खेळू नये असंच कोणीही शहाणा माणूस सांगेल. आणि मग तो यादीत दिसतच नाही.

कंपन्यांनी यात जे करायला हवं ते फार खर्चिक नाही. नोटीसचा प्रश्न पहिल्या तांत्रिक मुलाखतीनंतर विचारावा. तोवर वीसातले चार-पाच उरलेले असतात आणि प्रत्येकाच्या कागदाकडे नीट पाहता येतं. विचारताना 'नव्वद की तीस' एवढंच न विचारता, कलमात काय लिहिलं आहे, शिल्लक रजा किती, सध्याचं काम कोणत्या टप्प्यावर आहे हे विचारावं. काम संपत आलेलं असेल तर जुना मॅनेजर पंचेचाळीस दिवसांत सोडतो, हे कलमात दिसत नाही आणि रकान्यात तर नाहीच. जागा खरोखरच तीस दिवसांत भरायची असेल तर जाहिरातीतच लिहावं, आणि बायआउट कोण भरणार, किती दिवसांचं, कोणत्या पगारावर, कधी, हेही लिहावं. भरायचंच असेल तर परतफेडीऐवजी जॉइनिंगच्या वेळी आगाऊ द्यावं. वर्षाच्या आत सोडल्यास वसूल करण्याची अट तशीही घातलेली असतेच, मग दोन महिने उशिरा देऊन कंपनीला काय मिळतं? वरच्या उदाहरणातल्या मुलाला ते साठ हजार पहिल्या दिवशी मिळाले तर त्याची निम्म्याहून जास्त उसनवारी महिनाभर आधी फिटते. ऑफर लेटरवर सही झाल्यावर मिळाले तर ती काढावीच लागत नाही.

राहिली आपल्या जिल्ह्यातल्या महाविद्यालयांची जबाबदारी. कॅम्पस भरतीच्या दिवशी पॅकेजचा आकडा फळ्यावर लिहिला जातो आणि मुलं नेमणूकपत्राच्या शेवटच्या पानावर सही करतात. ट्रेनिंग अँड प्लेसमेंट कक्षाने सहीपूर्वी एक तास द्यावा आणि पत्रातली तीन वाक्यं मोठ्याने वाचून दाखवावीत. नोटीस किती दिवसांची, प्रोबेशनमध्ये आणि कायम झाल्यावर वेगवेगळी आहे का. त्याऐवजी पगार भरण्याची सोय आहे का, आणि ती कोणाच्या मर्जीवर. आणि 'पगार' म्हणजे बेसिक की ग्रॉस. शक्य तिथे कक्षानेच कंपनीला विचारावं की तुमच्याकडून काढायचं झालं तर तुम्ही किती दिवसांची नोटीस देता. तो आकडा कमी असेल तर मुलांना आधीच कळलेला बरा. पहिल्या नोकरीच्या आनंदात पत्र नाकारायला कोणी सांगत नाही. पण पुढे चार वर्षांनी फोनवर चौथा प्रश्न येईल तेव्हा उत्तर माहीत असावं.

नोकरी बदलणाऱ्यांनी प्रोफाइलच्या रकान्यात खोटा आकडा भरू नये. नव्वदचे पंधरा लिहून मिळवलेली मुलाखत ऑफरच्या टप्प्यावर तुटते, आणि ती कंपनी पुन्हा विचारत नाही. त्यापेक्षा सारांशाच्या पहिल्या ओळीत लिहावं : करार नव्वद दिवसांचा, पगार भरून सुटण्याची सोय कलमात आहे, शिल्लक रजा बारा दिवस. रकान्यावर आधारलेल्या शोधात याचा उपयोग नाही, हे खरं. पण ओळखीतून, माजी सहकाऱ्याच्या शिफारशीतून बायोडेटा थेट मॅनेजरच्या हाती जातो तेव्हा हीच ओळ फोनवरचा चौथा प्रश्न वाचवते. मॅनेजरशी बोलणं राजीनाम्यानंतर करण्यापेक्षा, ऑफर लेखी हातात आल्यावर त्याच दिवशी करावं, आणि काम कोणाला कसं सोपवणार याचा कागद सोबत न्यावा. लवकर सुटका मिळते ती बहुधा या कागदावर. अंतिम हिशेबात नोटीसच्या रकमेवर जीएसटी लावलेला दिसला तर विचारावं, कारण अशा वसुलीवर तो लागत नाही असं केंद्रीय अप्रत्यक्ष कर मंडळाने ऑगस्ट २०२२च्या परिपत्रकात स्पष्ट केलं आहे. एक लाख वीस हजारांवर अठरा टक्के म्हणजे एकवीस हजार सहाशे होतात. पुण्यातल्या खोलीचं डिपॉझिट त्यातून जवळजवळ सगळंच निघतं.